चित्रातला तरुण आणि देवीचे वण

प्रश्न : मी एक लघुकथा लिहिली आहे. माण तालुक्यातील ८१ वर्षांच्या एका शेतकऱ्याची नात संगणकाकडून त्याच्या तरुणपणाचे चित्र तयार करवून घेते आणि त्याला दाखवते. आजोबा स्वतःला ओळखतात, त्यांचे डोळे भरून येतात आणि कथा संपते. संपादकांनी ‘कथा गोड आहे, पण खरी वाटत नाही’ असे कळवून ती परत पाठवली. आजोबांना सातव्या वर्षी देवी आल्या होत्या, असा एक ओझरता उल्लेख कथेत आहे. बाकी तपशील फारसा नाही. असे चित्र पाहून माणसाला याहून वेगळे काय वाटणार? मी नेमके काय बदलू?
— एक वाचक, सातारा

उत्तर :

कथेतील सर्वांत मोलाचे वाक्य तुम्ही ओझरते लिहून सोडून दिले आहे. आजोबा आज ८१ वर्षांचे असतील तर त्यांचा जन्म १९४४ च्या सुमाराचा, आणि सातव्या वर्षी देवी आल्या म्हणजे ते साल १९५१ चे. याचा अर्थ असा, की विशीत, १९६४ साली, त्यांच्या चेहऱ्यावर देवीचे वण आधीच तेरा वर्षांचे जुने होते. वण नसलेला तरुण चेहरा त्यांना कधी लाभलाच नाही. आता नातीने तयार करवून घेतलेल्या चित्रात ते वण असतील का, हा प्रश्न स्वतःला विचारा. माझ्या मते ते नसतील, आणि ते का नसतील हे समजले की तुमची कथा आपोआप दुसऱ्या वाटेला लागेल.

चित्र कसे तयार होते ते लेखकाने जाणून घ्यायला हवे, कथेत सांगण्यासाठी नव्हे, तर पात्रांना चुकीचे वागायला लावू नये म्हणून. नात आजोबांचा आजचा एखादा फोटो यंत्राला देते आणि सोबत चार शब्द लिहिते : ‘हे माझे आजोबा आहेत, यांना वीस वर्षांचे दाखव.’ यंत्र प्रारंभ करते तो कशाचाही अर्थ लागणार नाही अशा विखुरलेल्या ठिपक्यांच्या गोंधळापासून. तो गोंधळ ते टप्प्याटप्प्याने निवळत नेते, आणि प्रत्येक टप्प्यावर दिलेला फोटो व लिहिलेले शब्द यांच्याशी जुळेल असे काहीतरी घडवत जाते. फोटोतून त्याला दोन डोळ्यांमधील अंतर, कपाळाची रुंदी, नाकाचा बांधा आणि जबड्याची ठेवण एवढे मिळते. उरलेले सगळे, म्हणजे त्वचा, गाल, ओठ, केस, दात, नजर, ते आजवर दाखवल्या गेलेल्या असंख्य परक्या तरुण चेहऱ्यांवरून भरून काढते. १९६४ सालातील एकही गोष्ट त्या यंत्रापर्यंत पोहोचलेली नसते. हे चित्र म्हणजे अनुमान आहे, आणि ते परक्यांच्या चेहऱ्यांवरून बांधलेले अनुमान आहे.

यातून कथेसाठी एक गोष्ट लगेच निघते. प्रत्येक वेळी ठिपक्यांचा गोंधळ नवा असतो, त्यामुळे तीच मागणी चार वेळा केली तर चार वेगळे तरुण मिळतात. ते एकमेकांचे चुलतभाऊ शोभावेत इतके जवळचे असतात, पण एकच माणूस नसतात. तुमच्या कथेत नातीला एकच चित्र मिळते आणि ती ते घेऊन धावत आजोबांकडे जाते. प्रत्यक्षात तिने दोन-चार चित्रे काढून पाहिली असती आणि त्यांतील एक निवडले असते. कशावरून निवडले असते? तिने आजोबांना तरुण पाहिलेलेच नाही. ती निवडते ते तिला आवडलेला, बहुधा सर्वांत देखणा चेहरा. ही निवड वाचकाला दिसू द्या, दोन-तीन वाक्यांत, कोणताही अभिप्राय न देता. म्हणजे आजोबांसमोर चित्र येते तेव्हा वाचकाला आधीच कळलेले असते, की हा चेहरा अर्धा यंत्राने आणि अर्धा नातीच्या मायेने ठरवला आहे.

आता वणांकडे येऊ. भारतातील देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ च्या मे महिन्यात नोंदला गेला आणि १९७७ मध्ये देश देवीमुक्त असल्याचे प्रमाणित झाले. म्हणजे आज आपल्याकडे देवीचे वण असलेला कोणताही चेहरा पन्नाशी गाठलेला किंवा ओलांडलेलाच असतो. ज्या फोटोंवरून ही यंत्रे शिकली त्यांतील बहुतांश डिजिटल कॅमेऱ्यांच्या काळातले आहेत, आणि त्या काळात वण दिसतात ते वृद्धांच्याच चेहऱ्यावर. तेव्हा यंत्राच्या हिशेबी वण आणि सुरकुत्या एकाच गटातल्या झाल्या, दोन्ही म्हातारपणाच्या खुणा. ‘तरुण कर’ म्हटल्यावर ते सुरकुत्यांबरोबर वणही पुसून टाकते. आणि नातीचेही तसेच झाले आहे, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. ती पंचवीस वर्षांची असेल तर तिने देवीचे वण असलेला तरुण चेहरा आयुष्यात एकदाही पाहिलेला नाही. आबांचा चेहरा खडबडीत आहे तो वयामुळे, असेच ती लहानपणापासून समजत आली असेल. तिच्यात आणि यंत्रात येथे फरक उरत नाही, आणि त्यात तिचा काही दोषही नाही. तिला दोषी ठरवू नका. तसे केल्यास कथा तंत्रज्ञानावरील तक्रार होऊन बसेल.

चेहऱ्यावरून वण पुसण्याचे काम या यंत्रांनी प्रथमच केले आहे, असेही नाही. काचेच्या किंवा फिल्मच्या निगेटिव्हवर काम करणाऱ्या फोटो स्टुडिओंत टोकदार पेन्सिलीने चेहरे सुधारण्याची पद्धत होती. वणाच्या खळग्यात सावली पडते, ती निगेटिव्हवर विरळ ठिपक्यासारखी उमटते. त्या ठिपक्यावर पेन्सिल फिरवली की छापात ती जागा उजळ होते आणि खळगा भरून निघतो. हे काम करणारा कारागीर किती पुसायचे आणि किती ठेवायचे हे समोरच्या गिऱ्हाइकाकडे पाहून ठरवत असे. तुमच्या कथेतील आजोबांना असा स्टुडिओ मिळाला असता तर त्यांचा विशीतील खरा फोटोही कदाचित गुळगुळीत निघाला असता. कथेत हा प्रसंग घालण्याची गरज नाही, पण ‘जुना फोटो खरा आणि नवे चित्र खोटे’ अशी सोपी मांडणी तुमच्या हातून होऊ नये म्हणून तो सांगितला.

त्यांना स्टुडिओ मिळाला नसता, हेच अधिक संभवते. माणसारख्या कोरडवाहू भागातील चौथीपर्यंत शिकलेल्या शेतकऱ्याचा साठच्या दशकात फोटो निघण्याचे निमित्त काय असणार? लग्नात फोटोवाला आणणे बहुतेकांच्या ऐपतीबाहेरचे होते. रेशनकार्डावर फोटो नसे. १९७२ च्या दुष्काळात ते खडी फोडायला गेले असतील तर तेथील हजेरीपटावर त्यांचा अंगठा असेल, चेहरा नसेल. मतदारांना फोटो असलेले ओळखपत्र देण्याचे काम १९९३ मध्ये सुरू झाले, आणि अशा अनेकांच्या आयुष्यातील पहिला फोटो तोच. म्हणजे तुमच्या आजोबांनी स्वतःचा चेहरा कागदावर पहिल्यांदा पाहिला तो पन्नाशीच्या उंबरठ्यावर. त्याआधी चेहरा दिसला तो न्हाव्याने दाढी झाल्यावर हातात दिलेल्या आरशात, तोही उलटा, डावी बाजू उजवीकडे. नातीचे चित्र फोटोवरून काढलेले, म्हणजे सुलटे. विशीतील चेहऱ्याची जी काही आठवण त्यांच्याजवळ असेल ती आरशातली आहे. तेव्हा वण बाजूला ठेवले तरी हा चेहरा त्यांना परका वाटण्याचे एक साधे कारण येथे आहेच. आता सांगा, असा माणूस चित्र पाहताक्षणी ‘अरे, हा तर मी!’ असे कसे म्हणेल? संपादकांना कथा खरी वाटली नाही ती याच ठिकाणी, असा माझा कयास आहे.

आजोबा काय म्हणतील, ते असे लिहून पाहा. नात फोन त्यांच्या पुढे धरते. ते चष्मा लावतात, फोन थोडा लांब धरतात आणि विचारतात, ‘‘ह्यो कुनाचा?’’ प्रश्न खराच आहे, थट्टेचा नाही. गावाकडे अनोळखी पोराबद्दल असेच विचारतात. नात हसून म्हणते, ‘‘आबा, तुम्हीच की! विशीतले.’’ आबा पुन्हा पाहतात. नाक आपले आहे, कपाळही आपले आहे, हे त्यांना पटते. गाल भरलेले आहेत, दात एकसारखे पांढरे आहेत, डोक्यावर लग्नाच्या कार्यालयात बांधतात तसा गुलाबी फेटा आहे. या चुका यंत्र खरोखर करते : ‘ग्रामीण महाराष्ट्र’ असे लिहिले की त्याला समारंभातला महाराष्ट्र आठवतो, कारण फोटो समारंभातच निघतात. रोजची मळकी टोपी, पैरण आणि अनवाणी पाय असलेला तरुण त्याच्या संग्रहात दुर्मीळ. परंतु या चुकांची जंत्री करू नका. फेटा एका वाक्यात येऊन जाऊ द्या, आबांनी तो हसण्यावारी न्यावा, आणि मग त्यांची नजर गालांवर थांबावी.

येथे तुमच्यापुढे दोन वाटा येतात, आणि बहुतेक लेखक पहिली घेतील. ती वाट अशी, की वणांमुळे आजोबांचे रूप गेले, त्याची सल त्यांनी आयुष्यभर बाळगली, आणि आज आपले न मिळालेले रूप पाहून ते गहिवरले. मला ही वाट खरी वाटत नाही. १९६४ साली कोणत्याही गावात, कोणत्याही आळीत, वण असलेली माणसे होती. मुलीच्या चेहऱ्यावर वण असले तर तिच्या लग्नाची काळजी घरच्यांना लागे, पण कष्टकरी मुलाच्या चेहऱ्याकडे त्या दृष्टीने फारसे कोणी पाहत नसे. वण ही त्यांच्या पिढीला सवयीची गोष्ट होती. तिला आजच्या सौंदर्यकल्पनेतून दुःखाचे रूप देणे म्हणजे नातीची दृष्टी आजोबांना चिकटवणे होय.

दुसरी वाट त्या रोगाच्या स्वरूपातूनच निघते. देवीचा जो उग्र प्रकार आपल्याकडे होता त्यात लस न टोचलेल्या रुग्णांपैकी सुमारे ३० टक्के दगावत. एकाला देवी आल्या की घरातील इतर मुलांना लागण होण्याचा धोका मोठा असे. १९५१ साली ज्या घरातील सात वर्षांचा मुलगा देवीतून उठला, त्या घरातील दुसरे एखादे मूल उठले नसण्याची शक्यता बरीच आहे. तुमच्या कथेत ते मूल आजोबांची धाकटी बहीण असू द्या, चार वर्षांची. तिचा तर फोटो असण्याचा प्रश्नच नाही, आणि तिला पाहिलेले आजोबांखेरीज कोणी उरलेलेही नाही. आता गालावर वण नसलेला तो तरुण पाहून आजोबा काय बोलतील? मी त्यांना एवढेच बोलू देईन : ‘‘ह्याला देवी आल्याच न्हाईत. मग ह्याची भन जित्ती आसंल.’’

हे वाक्य कथेत एकदाच यावे आणि त्याचे स्पष्टीकरण कोणीही देऊ नये, निवेदकानेही नाही. नातीला आबांना बहीण होती हे ठाऊक नसेल. तिने तेथेच ‘‘कोणती बहीण?’’ असे विचारावे. आबांनी उत्तर द्यावे ते कामाच्या गोष्टी सांगाव्यात तसे : दाराला लिंबाचे डहाळे बांधले होते, घरात फोडणी द्यायची नाही असे ठरले होते, आईने दोघांना दोन बाजूंना निजवले होते, आणि एके सकाळी एक बाजू मोकळी होती. मुलीचे नाव त्यांना आठवते की नाही हे तुम्ही ठरवा. माझा कल नाव आठवते याच बाजूला आहे, आणि ते नाव त्यांनी कित्येक वर्षांत उच्चारलेले नसावे.

यानंतर नात जे करील ते तुमच्या कथेत सध्या अजिबात नाही, आणि ते यायलाच हवे. आजची मुलगी अशा वेळी गप्प बसून राहत नाही. ती दुरुस्ती करायला घेते. ती लिहिते, ‘चेहऱ्यावर देवीचे वण दाखव.’ यंत्र काय देते? बहुधा मुरमे, किंवा सगळ्या गालांवर सारख्या अंतरावर पसरलेले तपकिरी ठिपके. देवीचे वण तसे नसतात. ते ठिपके नव्हेत, खळगे आहेत; त्वचेच्या रंगाचे किंवा थोडे फिके, कडा असलेले, काही ठिकाणी एकमेकांत मिसळलेले. देवीचे फोड धडापेक्षा चेहऱ्यावर आणि हातापायांवर अधिक दाट येत, त्यामुळे खुणाही चेहऱ्यावर दाट उरत. हे यंत्राला नीट सांगायचे तर आधी नातीला कळायला हवे, आणि नातीला सांगू शकतील ते आबाच. तेव्हा ती विचारते, ‘‘कुठं होते, आबा?’’ आणि आबा स्वतःच्या चेहऱ्यावर बोट ठेवून सांगू लागतात : इथे कपाळावर दाट, नाकाच्या शेंड्यावर एक मोठा, या गालावर तिघे एकात एक, हनुवटीवर मात्र नाहीत. काही खळगे आता सुरकुत्यांत बुडाले आहेत, ते त्यांना चाचपून शोधावे लागतात. माझ्या मते तुमच्या कथेचा सर्वांत लांब प्रसंग हा असावा. पान-दीड पान त्याला द्या. नातीने आजोबांचा चेहरा इतक्या जवळून प्रथमच पाहिलेला असेल, पण तसे लिहू नका. तिला फक्त प्रत्येक वणाची जागा टिपून घेऊ द्या.

चित्र शेवटी बरोबर येते का? माझा सल्ला असा, की येऊ देऊ नका. तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नात यंत्र थोडे जवळ जाते, पण प्रत्येक दुरुस्तीत दुसरे काहीतरी बदलते : वण आले तर नाक बदलते, नाक परत आणले तर वय तिशीत जाते. ही त्या तंत्राची खरी मर्यादा आहे; एक गोष्ट हलवली की त्याला जोडलेल्या इतर गोष्टीही हलतात. ज्यांनी ही साधने वापरली आहेत ते वाचक हा त्रास ओळखतील आणि तेवढ्यावरून कथेवर विश्वास ठेवतील.

एका पात्राचा तुम्ही उपयोगच केलेला नाही, ते म्हणजे आजी. घरात आजोबांना विशीत पाहिलेले आज कोणी असेल तर ती एकटीच. तुमच्या मसुद्यात ती चहा आणून ठेवते आणि निघून जाते. तिला चित्र दाखवा, पण अगदी शेवटी, सगळ्या दुरुस्त्या झाल्यावर. तिने रडू नये, लाजूही नये. जुन्या वळणाची बाई नवऱ्याचे नाव घेत नाही आणि त्याच्या रूपाबद्दल चारचौघांत बोलत नाही. ती चित्र पाहून नातीला म्हणेल, ‘‘ह्यांचं कान न्हाईत ह्ये.’’ कान वयाबरोबर लांबतात आणि त्यांच्या पाळ्या लोंबतात. यंत्राने आजच्या फोटोतील मोठे कान तसेच तरुण चेहऱ्याला लावले असण्याची शक्यता चांगली आहे. आजीला हे कारण माहीत असण्याची गरज नाही. तिला कान आठवतात, एवढे पुरे.

आता मसुद्याच्या कापाकापीबद्दल. यंत्राची ओळख करून देणारा तुमचा पहिला परिच्छेद काढा. ‘नातीने फोनवर आबांचा फोटो घालून त्यांना तरुण करून घेतले’ एवढ्यावर आजचा वाचक पुढे चालू लागतो. आजोबांच्या गतकाळाचे निवेदकाने केलेले वर्णनही काढा, कारण आता तो सगळा भूतकाळ बोट वणावरून फिरत असताना त्यांच्याच तोंडून येणार आहे. डोळ्यांतील पाणी काढा. संवादांत माणदेशी बोली ठेवा, पण निवेदन प्रमाण मराठीत राहू द्या, आणि नातीची भाषा शहरातली ठेवा, म्हणजे दोघांमधील साठ वर्षे वेगळी सांगावी लागणार नाहीत. शेवट आजीच्या कानांबद्दलच्या वाक्यावर करण्याचा मोह होईल. त्याऐवजी नातीला एक साधा प्रश्न विचारायला लावून, आबांनी त्याचे उत्तर देण्याच्या आधी थांबा : बहीण कोणासारखी दिसायची. यंत्राला देण्यासाठी तिचा फोटो नाही, हे नातीला माहीत आहे, आणि तरीही तिने विचारले आहे. एवढे बदल करून मसुदा पुन्हा त्याच संपादकांकडे पाठवा. त्यांची हरकत नेमकी होती, आणि ही कथा त्यांनीच पुन्हा वाचायला हवी.